ब्रश तोंडात घातला की ओकारी का येते? दारू, पोटाचं अस्तर आणि सकाळची मळमळ

हा एपिसोड ज्यांना वाचायला आवडतो त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलीतलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त माझं खोकणं आणि मधला कुकरचा आवाज काढून टाकलाय.

आजचा विषय अनेकांना माहीत आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही. सकाळी उठायचं, बेसिनपाशी जायचं, ब्रश जिभेला लागला की आतून उमाळा यायचा. ओ ओ होतं, पण बाहेर काही पडत नाही. पडलंच तर थोडं पिवळं, कडू पाणी. डोळ्यांत पाणी येतं. घरचे बाहेरून विचारतात, 'काय झालं रे?' आणि आपण सांगतो, 'काही नाही, ॲसिडिटी.'

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, चंद्रपूरचा आहे. पण या एका गोष्टीवर गेल्या वर्षभरात बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि एका मित्राच्या सोबतीने जवळून पाहिलं. त्याने सांगायची परवानगी दिलीय. नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आपण त्याला नुसतं 'भाऊ' म्हणू.

भाऊ सत्तावीस वर्षांचा. कोळशाच्या वाहतुकीच्या एका कंत्राटात सुपरवायझर. आधी शनिवारी बसायचा, मग आठवड्यातून तीनदा, मग रोज. सुरुवात एका क्वार्टरने झाली, नंतर दीड क्वार्टर. लग्नाचा सीझन असला आणि तिकडे गडचिरोलीच्या बाजूला कोणाच्या गावी गेला, की मोहाची. तोसुद्धा दोन वर्षं ॲसिडिटीच म्हणत होता. मेडिकलवरून गोळी घ्यायची, रात्री प्यायची, सकाळी परत ओकारी. त्याचं म्हणणं होतं, 'गोळी लागतच नाही बे मले आता.'

गोळी का लागत नव्हती, हे कळायला पोटाच्या आत काय आहे ते बघावं लागेल.

आपल्या जठरात जे आम्ल तयार होतं ते फार तीव्र असतं. मांस विरघळवू शकतं. मग ते स्वतःच्या जठराला का नाही खात? कारण आतून एक थर असतो. वरती चिकट बुळबुळीत श्लेष्म, त्यात आम्ल मारणारा क्षार मिसळलेला, आणि त्याच्या खाली एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या पेशींची एक रांग. गावाकडचं मातीचं घर आठवा. जमीन सारवलेली असते. सारवण पातळ असतं, पण ते आहे तोवर खालची माती उकरत नाही. आणि ते एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. जठराचंही तसंच आहे. वरच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि खालून नव्या येतात. साधारण तीन ते पाच दिवसांत वरचा थर नवा होतो. म्हणजे आज तुमच्या पोटात जे सारवण आहे ते मागच्या आठवड्यातलं नाही.

आता या सारवणावर दारू पडली की काय होतं? कडक दारू श्लेष्माचा थर फोडते आणि पेशींमधले सांधे ढिले करते. मग आम्ल वरून आत झिरपायला लागतं, जिथे ते कधीच जायला नको. खालच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, काही ठिकाणी फुटतात आणि लाल ठिपके पडतात. काही जागी वरचा थर खरवडला जातो. यालाच जठरदाह म्हणतात, डॉक्टर गॅस्ट्रायटिस म्हणतात. किती पाणी घालून घेता, काय खाऊन घेता, याने फरक पडतो. पण रोज घेत असाल तर फरक इतकाच, की सारवण उखडायला चार दिवस जास्त लागतात.

मोहाच्या दारूबद्दल एक वेगळं बोलायला हवं. बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं, तेव्हा निदान किती कडक आहे ते कळतं. सडव्यातून काढलेल्या मोहाच्या दारूवर काही छापलेलं नसतं. पहिल्या धारेची वेगळी, नंतरची वेगळी, त्यात कोणी काय मिसळलंय ते वेगळं. 'ती तर नैसर्गिक असते, फुलाची असते,' असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. फूल नैसर्गिकच आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून बायका-पोरं मोहफुलं वेचतात, वाळवतात, खातात, विकतात. पण जठराच्या अस्तराला फूल कळत नाही, अल्कोहोल कळतं.

आणि बिअर? कडक दारू अस्तर जाळते, तर बिअर जठराला आणखी आम्ल सोडायला लावते. म्हणून 'पोट खराब आहे, आज फक्त बिअर' हा उपाय नाही.

इथे मला तुम्हाला दोनशे वर्षांपूर्वीच्या एका पोटाची गोष्ट सांगायची आहे, कारण दुर्बीण नव्हती त्या काळात हे सगळं एका माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलंय.

1822 साली अमेरिकेत मॅकिनॅक नावाच्या बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम पूर्ण बुजली नाही. पोटाला बाहेरून जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. बोमाँटने त्या भोकातून वर्षानुवर्षं आत पाहिलं, अन्न दोऱ्याला बांधून आत सोडलं, रस काढला. 1833 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि पचनाबद्दल आपल्याला जे कळतं त्याची सुरुवात तिथून होते. (त्या बिचाऱ्या सेंट मार्टिनवर असे प्रयोग करणं योग्य होतं का, हा वेगळा एपिसोड होईल.)

तर हा सेंट मार्टिन मधूनमधून दारू प्यायचा. एकदा आठ-दहा दिवस भरपूर प्यायल्यावर बोमाँटने सकाळी उपाशीपोटी आत पाहिलं. अस्तर लालबुंद, जागोजागी चट्टे. पुढच्या दिवसांत ते आणखी बिघडलं, रक्तही पाझरलं. बोमाँटने नोंद केली ती अशी, की माणूस मात्र म्हणतोय मला काही त्रास नाही, भूक चांगली आहे. दारू थांबली, खाणं हलकं झालं, आणि काही दिवसांत अस्तर परत पूर्वीसारखं दिसायला लागलं.

या एका नोंदीत आजच्या विषयातलं अर्धं आलं. पहिली गोष्ट, दुखत नाही म्हणजे आत ठीक आहे असं नाही. दुसरी, दारू थांबली की अस्तर पटकन सुधारतं.

मग भाऊचं का सुधारत नव्हतं? कारण तो थांबतच नव्हता. रोज रात्री सारवण करायचं आणि ओलं असतानाच त्यावरून बैल न्यायचे, असं चाललं होतं. आणि ती ॲसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा तसलीच कुठली, ती फक्त आम्ल कमी करते. श्लेष्म फोडणं, पेशी मारणं हे दारू स्वतः करते, ते गोळी अडवत नाही. गोळी घेऊन प्यायलं की चालतं, हा समज आपल्या पिढीत फार पसरलाय. चालत नाही.

आता मळमळीकडे येऊ. ती सकाळीच का?

एक कारण पोटातलं. रात्रभर पोट रिकामं असतं. सुजलेल्या अस्तरावर आम्ल साचतं, आतड्यातलं पित्तही उलटं वर येतं. त्यात कडक दारूने जठर सुस्त झालेलं असतं, रात्रीचं खाल्लेलं नीट पुढे सरकलेलं नसतं. सकाळी उभं राहिलं, घशाला ब्रश लागला, की निमित्त मिळतं.

दुसरं कारण पोटातलं नाहीच. ते डोक्यातलं आहे, आणि बहुतेकांना हे कोणी सांगितलेलं नसतं. मी भाऊसोबत बसून हिशोब मांडला. आपल्याला दुसरं काय येतं?

दीड क्वार्टर म्हणजे 270 मिली. त्यात 42.8 टक्के म्हणजे साधारण 115 मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजन भरतं अंदाजे 90 ग्रॅम. यकृत एका तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकाली काढतं. लिंबू पिऊन किंवा आंघोळ करून हा वेग वाढत नाही. म्हणजे 9 ते 13 तास. भाऊ रात्री आठला सुरू करायचा. रक्तातली दारू संपायची वेळ आली पहाटे पाच ते सकाळी नऊ. त्याची ब्रश करायची वेळ सात.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूने स्वतःला दारूशी जुळवून घेतलेलं असतं. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू उतरायला लागली की तो वाढलेला वेग उघडा पडतो. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, जीव घाबरतो आणि मळमळतं. रक्तातलं प्रमाण शून्यावर यायचीही गरज नसते, ते घसरायला लागलं तरी हे सुरू होतं.

म्हणजे सकाळच्या एकाच मळमळीत दोन आजार मिसळलेले असतात. हे ओळखायचं कसं? बेंबीच्या वर जळजळ, तिखट खाल्लं की जास्त, रिकाम्या पोटी जास्त, पण हात स्थिर आहेत, घाम नाही, तर ते मुख्यतः अस्तराचं. आणि चहाचा कप धरताना हात हलतोय, उशी घामाने ओली आहे आणि, सर्वात मोठी खूण, सकाळी एक घोट मारला की दहा-वीस मिनिटांत सगळं थांबतं, तर ती दारू उतरल्याची लक्षणं आहेत. जठरदाह दारूने थांबत नाही. दारूने जे थांबतं ते दारूमुळे सुरू झालेलं असतं.

भाऊने मला हे ऐकल्यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, 'मी तीन महिन्यांपासून सकाळी साइटवर जायच्या आधी थोडी घेऊन राहिलो. फक्त ओकारी थांबाव म्हणून.' त्या घोटाने मेंदू शांत व्हायचा आणि उपाशी, सुजलेल्या अस्तरावर कडक दारू थेट पडायची. एका आजाराचं औषध दुसऱ्याचं विष होतं. आणि त्याला वाटायचं, पोटाला दारू मानवतेय.

मग सरळ उपाय काय, आजपासून बंद? इथे मी तुम्हाला जोरात थांबवणार आहे. एरवी कोणी सांगितलं 'मी आज दारू सोडली' की आपण टाळ्या वाजवतो. पण जो रोज पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याने घरी एकट्याने अचानक बंद करणं धोक्याचं असू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस कोण कुठला ते ओळखत नाही, ताप येतो. वेळेवर उपचार नाही झाले तर यात जीव जातो. गावात याला 'लागीर झालं' म्हणून बाहेरचं बघायला नेतात आणि रात्र वाया जाते. आधी कधी फिट आलेली असेल, तर दवाखान्याशिवाय सोडायचीच नाही.

सोडायची तर आहेच. पण डॉक्टरला खरा आकडा सांगून. 'कधी कधी घेतो' असं नाही, 'रोज दीड क्वार्टर, सकाळीपण' असं.

भाऊ सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. थरथर आणि फिट आवरायच्या गोळ्या दिल्या, ज्या दर दिवशी कमी करत आणतात. या गोळ्या मित्राकडून आणून घ्यायच्या नाहीत, दारूसोबत घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. थायमिन दिलं, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. रोज पिणाऱ्यात ते खूप कमी झालेलं असतं आणि त्याच्याविना मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून 'अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा' असं सांगायच्या आधी डॉक्टरला दारूचं सांगायला हवं. अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन द्यावं लागतं. आणि पोटासाठी तीच पॅन्टोप्राझोल, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आता मात्र ती लागू पडली, कारण वरून दारू पडत नव्हती.

पहिले तीन दिवस वाईट गेले. ते तो स्वतःच सांगतो. उलट्या, झोप नाही, चिडचिड. चौथ्या दिवशी त्याने मऊ भात-वरण खाल्लं आणि ते पोटात राहिलं. सातव्या-आठव्या दिवशी ब्रश करताना ओकारी आली नाही. त्याने मला फोन करून सांगितलं, आणि दोन मोठे पुरुष दात घासण्यावर दहा मिनिटं बोलले.

हे इतक्या लवकर कसं झालं? अस्तराच्या बऱ्या होण्याच्या पायऱ्या आहेत. नुसता वरचा थर खरवडला असेल, तर शेजारच्या पेशी सरकत येऊन ती जागा झाकतात, आणि हे काही तासांत सुरू होतं. मग त्या तीन ते पाच दिवसांच्या चक्राने नव्या पेशी येतात. सूज उतरायला, श्लेष्माचा थर पुन्हा जाड व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून भाऊची ओकारी आठवड्यात गेली, पण मिरचीचा ठेचा खाल्ला की जळजळ मात्र महिनाभर होती. आणि खरवडलेलं नसून खड्डाच पडला असेल, म्हणजे अल्सर, तर सारवून भागत नाही, आधी खड्डा भरावा लागतो. त्याला औषध घेऊन साधारण चार ते आठ आठवडे लागतात.

या काळात तीन गोष्टी चाललेलं काम पाडतात. पहिली म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डोकं दुखलं की आयब्युप्रोफेन, पाठ दुखली की डायक्लोफिनॅक. जठर ज्या रसायनाच्या इशाऱ्यावर श्लेष्म बनवतं, त्या रसायनाची निर्मितीच या गोळ्या कमी करतात. हँगओव्हरला ही गोळी घेणं म्हणजे दोन बाजूंनी खणणं. मग पॅरासिटामॉल? रोज पिणाऱ्याच्या यकृताला तेही जास्त डोसात झेपत नाही, म्हणून विचारूनच.

दुसरी म्हणजे आपला खर्रा. विदर्भाबाहेरच्या ऐकणाऱ्यांसाठी: तंबाखू, सुपारी, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत मिळतो तो. दारू सोडली की हात खर्ऱ्याकडे जातो, आणि सकाळी उपाशीपोटी जातो. तंबाखूने स्वतःच मळमळतं आणि जठर भरून यायचा वेगही मंदावतो. भाऊचा खर्रा अजून सुटलेला नाही. पण सकाळचा पहिला त्याने जेवणानंतरवर ढकललाय, तेवढ्यानेही त्याला फरक जाणवला.

तिसरी गोष्ट घरच्यांकडून येते. चहात गुपचूप मिसळायची 'दारू सोडवायची पावडर'. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण माणसाला सांगून आणि तपासून. न सांगता देणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे, मग देणारी माउली असली तरी.

दूध? घोटभर दूध पिलं की जळजळ थांबल्यासारखी वाटते, पण नंतर जठर आणखी आम्ल सोडतं. हवं तर प्या, औषध समजू नका. वरण-भात, केळं, दुधात नाही तर वरणात भिजवलेली भाकर, तांदळाची पेज, थोडं थोडं आणि वेळेवर. यापेक्षा खास पथ्य नाही.

महिना उलटून गेला आणि एका हळदीला भाऊने मोहाची घेतली. त्याचं गणित असं होतं, की पोट आता बरं आहे, एखाद्या दिवशी काय होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच बेसिन. अस्तर बरं झालेलं असतं, पण ते नेहमीचंच अस्तर असतं, लोखंडी झालेलं नसतं. आणि मेंदू तर जुनी सवय त्याहून जास्त दिवस लक्षात ठेवतो. या वेळी त्याने एकच शहाणपणा केला, सकाळी दुसरा घोट घेतला नाही, दवाखाना गाठला. म्हणजे मोजणी परत पहिल्या दिवसापासून, पण तळापासून नाही.

आता कुठे थांबायचं नाही ते सांगतो. उलटीत रक्त, किंवा उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काळपट काही आलं. शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण चिकट होत नाही). पोटातली कळ आरपार पाठीत गेली आणि वाकून बसलं तरच बरं वाटतंय, तर ते स्वादुपिंड असू शकतं. डोळे पिवळे झाले. चक्कर येऊन पडला. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. जोरजोरात ओकून अन्ननलिकेचं तोंड फाटतं आणि ताजं लाल रक्त येतं, हे तरुणांतही होतं. आणि कुठली तरी दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागलं, तर ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली.

हे काहीच नाही, दारू बंद आहे, तरी चार आठवड्यांनी जळजळ तशीच आहे, तर परत दाखवायचं. जठरात राहणारा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो आपल्याकडे खूप जणांत आढळतो आणि दारूशिवायही जठरदाह करतो. त्याची तपासणी होते आणि त्याला अँटिबायोटिक लागतात. तेव्हा डॉक्टर दुर्बीणही सांगू शकतात. पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना दुर्बीण लागते असं नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांचं एक विचित्र आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला झाली आणि 2021 मध्ये उठली. मधे वैनगंगा. पुलाच्या या बाजूला दुकान आणि त्या बाजूला लपूनछपून. बंदी असावी की नसावी यावर आपल्याकडे भावाभावांत भांडणं होतात, ती मी आज करत नाही. पण बंदीचा एक परिणाम मी पाहिलाय, लोक दवाखान्यात दारूचं नावच घेत नाहीत. गडचिरोलीत पिणारा घाबरतो, की डॉक्टरला सांगितलं तर पोलीस येतील. डॉक्टरला आकडा हवा असतो तो औषधाचा डोस ठरवायला.

मदत आहे, आणि जवळ आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने चातगावजवळच्या शोधग्राममध्ये व्यसनमुक्तीचं काम केलंय, आणि 'मुक्तिपथ' या उपक्रमातून गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक चालतात. चंद्रपूरकरांसाठी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग. 'मानसोपचार' वाचून दचकू नका, थरथर थांबवायचं औषध तिथेच नीट मिळतं. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, आणि टेलिमानस 14416, मराठीतही बोलतात.

जायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहून न्या. रोज किती आणि कुठली, शेवटची कधी घेतली, सकाळी लागते का, आधी कधी फिट आली होती का. भाऊने हे मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलं होतं आणि डॉक्टरसमोर नुसता फोन पुढे केला, कारण तोंडाने बोलायला जमत नव्हतं. चाललं.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढच्या वेळी खर्ऱ्यावर बोलू, भाऊने तसं कबूल केलंय.